एका घरात दोन मीटर घेतले तर बिल खरंच कमी येते का? आणि मोबाइल डेटाचं उलटं काऊन?

मानेवाडा_मधला
राजेहो एक हिशोब विचारायचा आहे. आमचं घर नागपुरात मानेवाड्याला, खाली आईबाबा अन् मी, वर दादा-वहिनी आणि त्यांची पोरं. मीटर एकच आहे. हिवाळ्यात बिलाचं काही वाटत नाही पण या मे महिन्यात वर दोन एसी, खाली कूलर, फ्रिज तर दोन्हीकडे, सगळं मिळून ६२० युनिट पडले. दादा म्हणतो वरच्या मजल्याचं मीटर वेगळं करून घेऊ, बिल बरंच उतरेल. बाबा म्हणतात युनिट तर तेवढेच जळणार, मग बिल कमी कसं होईल, वरून दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार लागेल तो वेगळा. कोणाचं बरोबर आहे? आणि दुसरं, मला हेच समजून नाही राहिलं की मोबाइलचा मोठा पॅक घेतला की जीबी स्वस्त पडतो, इतवारीत पोत्यानं तांदूळ घेतला की किलो स्वस्त पडतो, मग विजेचंच जास्त घेतलं की महाग असं काऊन?

पम्या_महाल
दादाचं बरोबर आहे. १०० युनिटच्या वर एक युनिट जरी गेलं ना तर सगळेच्या सगळे युनिट महागात लागतात. म्हणून आमच्याकडे रीडिंगवाला यायच्या चार दिवस आधी आई एसीचा रिमोट लपवून ठेवते. रीडिंगवाला उशिरा आला की संपलंच, ३५ दिवसांचे युनिट होतात आणि स्लॅब वर सरकतो. दोन मीटर घ्या बिनधास्त.

जुना_वायरमन
पम्याभाऊ थोडं थांबा. आपल्याकडे १०१ वं युनिट महाग लागते, पहिले १०० जुन्याच दरानं राहतात. बिलाच्या मागे बघा, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावरचे, प्रत्येकाचा दर वेगळा छापला असते आणि प्रत्येक टप्प्यातले युनिट त्या त्या दरानं लावतात. उशिराच्या रीडिंगचंही तसंच, बिल जास्त दिवसांचं असलं तर स्लॅब त्या हिशोबानं ताणून देतात. २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊननंतर तीन महिन्यांचं बिल एकदम आलं होतं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, तेव्हाही स्लॅब तीनपट धरूनच बिल काढलं होतं, लोकांना फक्त खालचा मोठा आकडा दिसला.

आता मानेवाडा भाऊंचा हिशोब. दर दरवर्षी बदलतात म्हणून मी वहन आकार धरून गोल आकडे घेतो, तुम्ही तुमच्या बिलावरचे टाका. समजा पहिले १०० युनिट ६ रुपयांनी, पुढचे २०० साडेअकरानी, त्यापुढचे २०० सोळानी आणि ५०० च्या वरचे अठरानी. एका मीटरवर ६२० म्हणजे ६०० अधिक २३०० अधिक ३२०० अधिक १२० युनिटचे २१६०, झाले ८२६०. दोन मीटरवर ३१०-३१० आले तर एकेकाचे ६०० अधिक २३०० अधिक १६० म्हणजे ३०६०, दोन्ही मिळून ६१२०. फरक २१४० चा. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार सव्वाशे-दीडशे धरा, तो वजा करून जे दोन हजार उरते त्यावरचं १६ टक्के विद्युत शुल्कही वाचते. इंधन समायोजन मी धरलंच नाही.

पण तुमच्याकडे दोन्ही एसी वर आहेत ना? मग ३१०-३१० नाही पडणार. वर ४८० आणि खाली १४० पडले तर वरचं बिल ५७८० आणि खालचं १०६०, म्हणजे ६८४०. फरक १४२० वर आला. वाटणी जेवढी विषम तेवढा फायदा कमी.

मानेवाडा_मधला
म्हणजे बाबांचं म्हणणं चूक. पण मग सगळेच दोन-दोन मीटर काऊन नाही घेत?

जुना_वायरमन
घेतात ना. म्हणूनच तर कनेक्शन देताना साइटवर येऊन बघतात, खरंच वेगळा संसार आहे का, स्वयंपाकघर वेगळं आहे का, येण्याजाण्याची वाट वेगळी आहे का, टॅक्स पावती नाहीतर वाटणीपत्र मागतात. तुमचं वर-खाली खरंच वेगळं आहे तर बहुतेक जमेल. पण एकाच हॉलचे दोन भाग दाखवून मागाल तर परत पाठवतील.

निशा_हिंगणा
माझा फ्लॅट हिंगणा रोडला बंद पडून आहे, आम्ही पुण्यात. शून्य युनिट आहेत तरी दर महिन्याला बिल येते. हा कोणता स्लॅब आहे? तक्रार कुठे करायची?

जुना_वायरमन
ताई तो स्लॅब नाही, स्थिर आकार आहे. तुमच्यासाठी तार, ट्रान्सफॉर्मर तयार ठेवलाय त्याचे पैसे. वापर शून्य असला तरी लागतो. दोन-चार वर्षं यायचं नसेल तर कनेक्शन तात्पुरतं बंद करण्याचं विचारून बघा, पण परत जोडायलाही खर्च आहे.

अर्धवट_अर्थशास्त्री
धागा छान चाललाय. मानेवाडा भाऊंचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. दर एका दिशेनं चढला की माणसं तुकडे पाडतात आणि उतरला की माणसं एकत्र येतात. तुम्ही वीज दोन मीटरवर तोडू पाहताय, आणि तुमच्याच घरात वायफाय मात्र एक असेल, वर-खाली मिळून.

मानेवाडा_मधला
हो वायफाय एकच आहे 😄 राउटर जिन्यात लावलाय.

अर्धवट_अर्थशास्त्री
तेच. डेटा विकणाऱ्याला तुम्ही हे केलेलं आवडत नाही, आणि दोन मीटर वीजवाल्यांना आवडत नाही. म्हणून एकीकडे हॉटस्पॉटवर, कनेक्शन पुढे विकण्यावर अटी येतात आणि दुसरीकडे वेगळी चूल आहे का ते बघायला माणूस येतो. वायरमन साहेबांना आठवत असेल, वीज कायदा २००३ चं कलम १२६, ज्या जागेसाठी कनेक्शन दिलं त्याच्या बाहेर तार ओढून वीज वापरली तर अनधिकृत वापर धरतात आणि आकारणी दुप्पट दरानं.

आता दिशा उलटी का. पहिलं म्हणजे वीज ही कायम अशी नव्हती. शिकागोत १८९० च्या दशकात वीज कंपनी चालवणाऱ्या सॅम्युअल इन्सलनं इंग्लंडात ब्रायटनला बघितलेली मागणी मोजायच्या मीटरची पद्धत आणली आणि जास्त वापरणाऱ्याला पुढचे युनिट स्वस्त लावले, म्हणजे आजच्या डेटा पॅकसारखंच. कारण तेव्हा यंत्रं उभी केलेली होती, दिवसा पडून राहायची, खर्च तर होऊन गेला होता, एक युनिट जास्त विकलं की बहुतेक नफाच. मग १९७० च्या दशकात इंधन महाग झालं, कॅलिफोर्नियानं १९७५ मध्ये कायदा करून गरजेपुरते पहिले युनिट स्वस्त ठेवायला लावले, आणि अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यानं खर्चाचा आधार नसलेले उतरते दर बंद करायचा विचार करा असं राज्यांच्या नियामकांना सांगितलं. आपल्याकडे तर मे महिन्यातलं प्रत्येक जास्तीचं युनिट कोराडी-खापरखेड्याला कोळसा जाळूनच येते. टॉवरचं तसं नाही, संध्याकाळची गर्दी सोडली तर एक जीबी जास्त गेला काय आणि कमी गेला काय, कंपनीला जवळपास काही लागत नाही.

दुसरा फरक दर कोण ठरवते त्याचा. विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवते, आणि त्यात वरच्या स्लॅबवाल्यानं खालच्याचा भार उचलायचा हे उघड धरलेलं आहे. डेटा कंपनी स्वतःचा पॅक स्वतः बनवते, तिला कोणाचा भार कोणावर टाकायचा नाहीये, तिला प्रत्येकाच्या खिशातून जेवढं निघेल तेवढं काढायचं आहे.

पम्या_महाल
खिशातून काढायचं तर स्वस्त कशाला देते मग? मोठ्या पॅकला सूट देते म्हणजे तोटा सोसते ना.

अर्धवट_अर्थशास्त्री
हे नीट सांगतो, जरा लांब होईल. कंपनीला माहीत नसते की समोरचा जास्त वापरणारा आहे की कमी. वीजवाल्याला मीटर सांगते, इथे गिऱ्हाइकाकडूनच ते वदवून घ्यायचं असते. समजा दोनच गिऱ्हाइकं. एक काकू, त्यांना महिन्याला १० जीबी पुरतात, त्याचे त्या फार तर १५० देतील. दुसरा इंजिनिअरिंगचा पोरगा, १० जीबीचे तो २५० पर्यंत देईल आणि ६० जीबीचे ४००. कंपनीचा स्वतःचा खर्च शून्य धरू.

कंपनीला वाटेल लहान पॅक १५० ला आणि मोठा ४०० ला ठेवू. पण पोरगा लहान पॅकच घेईल, कारण त्यात त्याचे शंभर वाचतात आणि मोठ्यात काहीच वाचत नाही. म्हणून मोठा पॅक ३०० ला आणावा लागेल, तेव्हा कुठे तो तिकडे वळेल. दोघांचे मिळून ४५०. पम्याभाऊ, तुम्ही ज्याला सूट म्हणता ती ही. पोराला लहान पॅकवरून उचलायला दिलेले शंभर रुपये.

आता कंपनी काय करते, लहान पॅक मुद्दाम अजून लहान करते. ६ जीबी, १२० रुपये. काकू घेतील, कुरकुर करत. पोराला त्या ६ जीबीचं मोल समजा १६० आहे, म्हणजे त्यात त्याचे फक्त चाळीस वाचतात, तर मोठा पॅक ३६० पर्यंत चढवता येतो. एकूण ४८०. बघा, काकूंचे ४ जीबी कापले ते वाचवायला नाही, देऊन टाकले असते तरी कंपनीचं काही जात नव्हतं. ते पोराला तिकडे जाऊ नये म्हणून कापले. जूल्स ड्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८४९ मध्येच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल हे लिहून ठेवलंय, डब्याला छप्पर टाकणं काही महाग नव्हतं, पण टाकलं असतं तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे तिसऱ्यात बसले असते.

आणि अजून एक पायरी. लहान पॅकच काढून टाकला तर? मग पोराला दुसरा पर्याय नाही, तो ४०० देतो, काकू सुटल्या. एका काकूमागे एक पोरगा असेल तर ४०० च मिळतात, तोट्याचं. तीन पोरं असतील तर लहान पॅक ठेवून १२० अधिक १०८०, आणि काढून तीनचे १२००, बरोबरीत. चार झाले की काढणं फायद्याचं. लहान पॅक बाजारातून का नाहीसे होतात ते यात दिसेल, काकू महाग पडतात म्हणून नाही, काकू असल्यामुळे पोरं स्वस्तात सुटतात म्हणून.

मंजिरी_धरमपेठ
हे वाचून डोकं गरगरलं पण माझ्या आईचं अगदी हेच झालं! तिचा साधा बटणाचा फोन, इंटरनेट नाहीच, तरी डेटा असलेलाच रिचार्ज मारावा लागायचा. दररोज दीड जीबी मिळते आणि वाया जाते.

अर्धवट_अर्थशास्त्री
ताई त्यावर ट्रायनं २०२४ च्या डिसेंबरात नियम केला, फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवावंच लागेल असा, २०२५ च्या सुरुवातीला ते आलेही. आईचा नंबर कोणत्या कंपनीचा आहे त्यांच्याकडे विचारून बघा, अ‍ॅपवर पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. तेही उगीच नाही.

रिचार्ज_पॉइंट_सदर
माझं दुकान आहे, रोज हेच बघतो म्हणून लिहून राहिलो. सर तुमचं काकू आणि पोरगा ठीक आहे पण माझ्याकडे वेगळंच दिसते. लहान पॅक कोण घेते? काकू नाही घेत, काकूंना मुलगा अमेरिकेतून वर्षाचा रिचार्ज मारून देतो. लहान घेतात ते बांधकामावरचे पोरं, आणि ते रात्री तीन-तीन तास व्हिडिओ बघतात, सगळ्यात जास्त डेटा त्यांनाच लागते. त्यांना ८४ दिवसांचा पॅक रोजच्या हिशोबानं स्वस्त पडते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण हातात एकदम तेवढे पैसे नसतात. आज हप्ता मिळाला आज थोडं टाकलं. मग २८ दिवसांचा घेतात, आणि डेटा संपला की वरून रोज एक-एक जीबीचं टॉपअप, ते सगळ्यात महाग.

आणि २८ दिवसांचा पण खेळच आहे, वर्षात १२ नाही १३ रिचार्ज होतात. २०२२ मध्ये ट्रायनं सांगितलं की ३० दिवसांचाही एक पॅक ठेवा, ठेवला, पण विचारणारे किती.

अर्धवट_अर्थशास्त्री
हे तुम्ही फार मुद्द्याचं सांगितलं. माझ्या गणितात जो तो आपल्याला किती लागते त्यावरून पॅक निवडतो. तुमच्या दुकानात मात्र खिशात आज किती आहेत त्यावरून निवड होते. वापर दोघांचा जड असला तरी एकाला घाऊक भाव मिळतो आणि एकाला किरकोळ. कंपनी मुद्दाम तसं करते का हे मला सांगता नाही येणार, पण करायची गरजही नाही, पॅकची रचनाच ते करून टाकते.

मंजिरी_धरमपेठ
मग विजेचंही तसंच नाही का? तिथेही गरीब म्हणजे कमी युनिट असं धरलंय. माझं माहेर महालात, एका मीटरवर नऊ माणसं, एक फ्रिज, दोन कूलर, पाण्याची मोटर, मे मध्ये ४०० च्या वर जातेच. आणि इकडे आमच्या बिल्डिंगमध्ये एकटा राहणारा साहेब, दिवसभर ऑफिसच्या एसीत, त्याचे ९० युनिट. स्वस्त स्लॅब त्याला आणि माझ्या काकाला सोळा रुपये युनिट. माणशी बघितलं तर काकाकडे पन्नासही युनिट नाही येत.

जुना_वायरमन
खरं आहे ताई. मीटर माणसं मोजत नाही. आणि बंद फ्लॅटला महिन्याला दहा युनिट पडले तर तेही खालच्या स्लॅबातच, मालक कितीही मोठा असो.

पम्या_महाल
मग दर माणशी स्लॅब द्या ना रेशनकार्डवरून.

अर्धवट_अर्थशास्त्री
मग प्रत्येक रेशनकार्डावर आत्या-मामा चढतील. ज्यावरून वर्गवारी कराल ती गोष्ट लोक वाकवणारच, मीटर तोडतील नाहीतर नावं वाढवतील. मीटर तोडणं निदान महाग आणि दिसणारं आहे.

एक अजून, पम्याभाऊंचं मघाचं १०० च्या वर गेलं की सगळे महाग हे आपल्याकडे लागू नाही, पण केरळमध्ये महिन्याला २५० युनिटच्या वर गेलं की खरंच सगळे युनिट एकाच वरच्या दरानं लागतात. दिल्लीत २०१९ च्या ऑगस्टपासून २०० युनिटपर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मी सवलत पण फार तर ८०० रुपये, आणि ४०१ झालं की सवलत गेली, म्हणजे एका युनिटला आठशेचा फटका बसू शकतो. तिथे आईनं रिमोट लपवण्यात अर्थ आहे. इथे काठावरच्या एका युनिटनं पाच-सहा रुपयांचा फरक पडतो.

पम्या_महाल
आईला नाही सांगणार 😂 रिमोट लपवल्यानं बिल तर कमीच येते ना.

अर्धवट_अर्थशास्त्री
येते, आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक तुमच्या आईसारखं स्लॅब धरून वागतच नाहीत. कोइचिरो इतो यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात दोन वीज कंपन्यांच्या हद्दीला लागून असलेली घरं घेऊन बघितलं, २०१४ मध्ये छापून आलं. चढते स्लॅब असताना स्लॅबच्या काठाच्या अलीकडे घरांची गर्दी दिसायला हवी होती, दिसली नाही. लोक शेवटच्या युनिटचा दर बघत नाहीत, एकूण बिल भागिले युनिट असा अंदाज धरून चालतात. म्हणजे वरचा स्लॅब सोळा-अठरा करून जड वापर आवरेल ही आशा बरीचशी फोल, ६२० युनिटवाल्याला तो सरासरी १३ रुपयांसारखाच वाटतो.

मानेवाडा_मधला
बरोबर, घरी कोणाला विचारलं तर युनिटचा दर नाही सांगता येणार, "आठ हजार आलं" एवढंच. बरं मग दोन मीटर घ्यायचे की छतावर सोलर टाकायचं? गल्लीत बऱ्याच जणांनी टाकलं.

जुना_वायरमन
सोलर टाकलं तर दोन मीटरचा फायदा आटतो हे लक्षात ठेवा. ३ किलोवॅट टाकलं तर महिन्याला साधारण ३५० युनिट बनतात, केंद्राची सबसिडी ७८ हजारांपर्यंत आहे. मे मधले ६२० चे २७० उरले, म्हणजे सोळा आणि अठरावाले युनिट सगळे कापले गेले, साडेअकरावालेही थोडे. मघाच्या दरानं २७० चे २५५५ रुपये होतात. त्यावर मीटर अजून तोडलं आणि समान वाटलं तरी दोन्हीकडचे १३५ धरून २००५, म्हणजे साडेपाचशेच वाचतील आणि त्यातूनही दुसरा स्थिर आकार द्यायचा. आणि सोलर एकाच मीटरला जोडलं जाते, मग वरच्याचे की खालच्याचे युनिट कापायचे त्यावरून भावांत वाद. आधी सोलर, मीटरचं नंतर बघा.

मंजिरी_धरमपेठ
आणि जास्त वापरणारे सगळे सोलर टाकून वरच्या स्लॅबमधून निघून गेले तर खालच्याचा भार कोण उचलणार?

अर्धवट_अर्थशास्त्री
ताई याचं उत्तर माझ्याकडे नाही. एकतर स्थिर आकार वाढवतील, आणि तो निशाताईंच्या बंद फ्लॅटला अन् महालातल्या घराला सारखाच लागतो, नाहीतर खालचा स्लॅब चढेल. छत ज्याचं स्वतःचं आहे तोच बाहेर पडू शकतो, भाडेकरू नाही पडू शकत.

निशा_हिंगणा
अच्छा म्हणजे माझा बंद फ्लॅट विकूनच टाकावा?? 😅

मानेवाडा_मधला
दादा वर सोलरला तयार नाही, म्हणतो छत त्याच्या डोक्यावर गळते. मीटरच वेगळं करायचं ठरतंय असं दिसते. वायरमन काका, काही बघायचं आहे का आतल्या वायरिंगमध्ये?

जुना_वायरमन
हो, न्यूट्रल. जुन्या घरात वर-खालचा न्यूट्रल कुठे ना कुठे जोडलेला असतो. मीटर दोन झाले आणि न्यूट्रल एकच राहिला तर गळती दिसली की वीज तोडणारी नवी ईएलसीबी एकसारखी पडते, लोकांना वाटते मीटर खराब आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही पूर्ण वेगळे ओढून घ्या. आणि जिन्यातला दिवा, बोअरची मोटर, तो राउटर कोणत्या मीटरवर जाणार ते आधीच दोघं भाऊ बसून ठरवा. मोटर एक-दीड एचपीची असली तर महिन्याला तीस-चाळीस युनिट तिचेच होतात, कोणाच्या स्लॅबात बसवायचे ते बघा.

मानेवाडा_मधला
मोटर बाबांच्या मीटरवर. ते १४० वरच आहेत ना, १८० झाले तरी साडेअकराच लागतील, दादाकडे सोळा-अठरा लागले असते. बाबांना हे आता कसं सांगू तेवढं बघतो.